जुनी गादी, सोफा आणि आलमारी घराबाहेर काढायची आहे? नागपुरातल्या घरासाठी सविस्तर पद्धत

मे महिन्यात नागपुरात घरं बदलतात, रंगकाम निघतं, आणि जिन्याखाली एक गादी उभी राहते. शेजारी फोम बाहेर आलेला सोफा, त्याच्या मागे दार निखळलेली आलमारी. सकाळी घंटागाडी येते, तिच्यावरचा दादा त्या ढिगाकडे बघतो आणि म्हणतो, "हे नाही चालत, साहेब." त्याचं बरोबर असतं. ती गाडी ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या रोजच्या पिशव्यांसाठी बांधलेली आहे. साडेसहा फूट लांब, पाच फूट रुंद गादी तिच्यात आडवी टाकली तर पुढच्या पन्नास घरांचा कचरा ठेवायला जागा उरत नाही.

तरीही ढकलून, दुमडून ती गादी भांडेवाडीच्या कचरा डेपोपर्यंत पोचलीच, तर पुढचा त्रास तिथे सुरू होतो. कचरा चाळणाऱ्या यंत्राच्या फिरत्या भागांना गादीतली स्प्रिंग गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवावं लागतं. फोम दाबला तरी पुन्हा फुगतो, म्हणजे ढिगात वजन थोडं आणि जागा फार. आग लागली तर पॉलीयुरेथेन फोम झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं.

अख्खी गादी कोणालाच नको असते. तिच्यातलं लोखंड, फोम, कापूस आणि कापड वेगवेगळं झालं की बहुतेक भागाला घेणारा मिळतो. म्हणून खरं काम गाडी शोधण्याच्या आधी घरातच करायचं असतं, आणि त्याचा क्रम चुकला तर वाटा बंद होतात. एकदा गादीला कात्री लागली की ती कोणाला झोपायला देता येत नाही. एकदा आलमारी हातोडीने फोडली की ती पुन्हा उभी राहत नाही. म्हणून आधी वापर, मग दुरुस्ती, मग सुटे भाग आणि उरलेल्यासाठी वेगळी गाडी, या क्रमाने जाऊ.

कधी सुरुवात करावी

घर रिकामं करायच्या किमान दोन आठवडे आधी. चांगली वस्तू देण्यासाठी माणूस शोधायला आठवडा लागतो, पण शेवटच्या दिवशी हातात फक्त टेम्पोवाला उरतो. दुसरी गोष्ट पावसाची. नागपुरात साधारण जूनच्या मध्यात पाऊस लागतो आणि त्यानंतर गच्चीवर ठेवलेला फोम एका रात्रीत पाणी पिऊन बसतो. ओला फोम, ओला कापूस आणि फुगलेला पार्टिकल बोर्ड यांना कुठेच किंमत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा घराघरांतलं असं सामान एका रात्रीत कचरा होऊन बसलं. तेव्हा इलाज नव्हता. घर बदलताना मात्र वेळ आपल्या हातात असतो, म्हणून हे काम मेच्या कोरड्या उन्हात उरकावं. उघडून काम करायचं ते सकाळी दहाच्या आत. दुपारी गच्चीवर बसून गादी उसवू नये.

आणखी एक सूचना, कारण ही चूक जवळजवळ प्रत्येक अपार्टमेंटमध्ये दिसते. तोपर्यंत सामान जिन्याखाली, विजेच्या मीटरजवळ ठेवू नका. मीटरच्या पेटीत ठिणगी पडली आणि शेजारी फोमचा सोफा असला, तर वरच्या सगळ्या मजल्यांचा बाहेर पडण्याचा एकमेव रस्ता विषारी धुराने भरतो. सामान स्वतःच्या घरातल्या एका खोलीत ठेवा, किंवा पार्किंगमध्ये मीटरपासून लांब.

पहिली तपासणी: ढेकूण

वस्तू कोणाला द्यायची की नाही, हे ठरवणारा पहिला प्रश्न ढेकणांचा आहे. गादीच्या कडेने जी जाड शिवण फिरते, तिचा काठ बोटाने उलटा करून टॉर्चने बघा. काळे, शाई सांडल्यासारखे बारीक ठिपके म्हणजे ढेकणांची विष्ठा. फिकट पिवळसर, पापुद्र्यासारखी टरफलं म्हणजे त्यांनी टाकलेली कात. सोफ्यात हेच सीट आणि पाठ जिथे मिळतात त्या फटीत आणि खालचं काळं कापड उचलून बघायचं. लाकडी पलंगात खिळ्यांच्या खाचांत.

"उन्हात टाकलं की मरतात" हा समज अर्धाच खरा आहे. ढेकूण साधारण 50 अंशांच्या उष्णतेत मरतो, पण ती उष्णता त्याच्यापर्यंत पोचली तर. नागपूरच्या 44-45 अंशांच्या उन्हात गादीचा वरचा थर चांगला तापतो, मात्र आतला भाग आणि खालची बाजू तितकी तापत नाही, आणि ढेकूण तिकडेच सरकतो. चादरी, अभ्रे, पातळ दुलई काळ्या पिशवीत बांधून दुपारभर उन्हात ठेवली तर फरक पडतो. आठ इंचांच्या गादीला नाही. आणि रिकाम्या खोलीत बंद करून काही आठवडे उपाशी ठेवलं तर मरतील, हेही धरू नका. ते उपाशी कित्येक महिने काढू शकतात.

ढेकूण सापडले तर ती वस्तू दान करू नका, विकूही नका. घरातच मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा, टेपने पूर्ण बंद करा, वर मोठ्या अक्षरात "ढेकूण आहेत" असं लिहा आणि मगच जिन्यातून उतरवा. नाहीतर उतरवताना ते प्रत्येक मजल्यावर सांडत जातात. ती वस्तू उघडून सुटी करण्याचा मोह टाळा. ती थेट शेवटच्या गाडीची.

वापरण्याजोगी वस्तू ओळखणं

सोफा घ्या. समोरचा एक कोपरा जमिनीपासून वीतभर उचला. दुसरा समोरचा पायही लगेच वर आला तर सांगाडा घट्ट आहे. एक कोपरा वर आणि दुसरा जमिनीलाच चिकटलेला, म्हणजे आतले सांधे सुटलेले. मग कुशनची चेन उघडून फोम चिमटीत दाबा. दाबून सोडल्यावर तो वर येत असेल तर ठीक. बोटाला पिवळी भुकटी लागत असेल तर फोम संपला. सांगाडा घट्ट आणि फोम संपलेला, हा सोफा फेकायचा नसतो. कुशनवाल्याकडून फोम आणि कापड बदललं की तो नव्यासारखा होतो. विशेषतः जुन्या सागवानी सोफ्याच्या बाबतीत हा खर्च नक्की करावा, कारण आज त्या किमतीत मिळणाऱ्या बऱ्याच सोफ्यांच्या आत पॅकिंगच्या पेटीचं लाकूड असतं. उलट फोम चांगला आणि सांगाडा सुटलेला असेल तर कुशन वेगळी काढून ठेवा. दिवाणावर, खिडकीजवळच्या ओट्यावर ती कापून बसवता येतात.

आलमारीत फरक मालाचा. लोखंडी आलमारीला क्वचितच मरण असतं. गंज फक्त खालच्या पायांना असेल तर वेल्डिंगवाला पाय बदलून देतो, आणि रंग मारला की ती आणखी कितीतरी वर्षं काढते. सागवानी आलमारी तशीच. प्लायवूडची आलमारी खोलून पुन्हा जोडता येते, पण तिची मागची पातळ फळी बहुधा बदलावी लागते. पार्टिकल बोर्डची आलमारी मात्र एकदा खोलली की दुसऱ्या घरी नीट उभी राहत नाही, कारण लाकडाच्या भुशाच्या त्या फळीत स्क्रूचं भोक एकदा सैल झालं की पुन्हा पकड धरत नाही. फळीच्या कापलेल्या कडेला बघितलं की ओळखू येतं: प्लायवूडमध्ये थरावर थर दिसतात, पार्टिकल बोर्डमध्ये दाबलेला भुसा. ती द्यायचीच असेल तर त्याच इमारतीत, न खोलता, सरकवत दुसऱ्या घरी जावी. वाळवी किंवा भुंगा लागलेली आलमारी कोणालाही देऊ नका. टोचलं की आत जाणारा पेचकस आणि खाली पडलेली पिठासारखी पूड, या दोन खुणा पुरेशा आहेत.

द्यायचं ठरलं की आधी माणसं, मग जाहिरात. घरकाम करणाऱ्या मावशी, वॉचमन काका, बांधकामावरचे मजूर, जवळचं वसतिगृह यांना विचारा, पण वस्तू दाखवून विचारा, आणि नाही म्हणायला मोकळीक द्या. फाटकी गादी "तुम्हाला होईल" म्हणत कोणाच्या हातात देणं म्हणजे आपला कचरा गरिबाच्या दारात नेऊन ठेवणं. तिथून तो नाल्यातच जातो. ओएलएक्सवर किंवा मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताना चार गोष्टी लिहा, म्हणजे निरर्थक फोन कमी येतात: लांबी-रुंदी-उंची, मजला आणि लिफ्ट आहे का, काय बिघडलं आहे त्याचा फोटो, आणि कोणत्या तारखेपर्यंत न्यायचं आहे. मे 2023 मध्ये केंद्राच्या मोहिमेत शहराशहरांत आरआरआर, म्हणजे रिड्यूस, रियूज, रिसायकल केंद्रं उघडली. ती मुख्यतः कपडे, पुस्तकं, खेळणी, भांडी यांसाठी आहेत. मोठं फर्निचर तिथे घेऊन जाण्याआधी झोन कार्यालयात विचारून घ्या.

कापसाची गादी

विदर्भात हिचा वेगळा विचार करायलाच हवा, कारण ही गादी फेकण्याची वस्तूच नाही. तीन बाय सहाच्या जुन्या गादीत साधारण दहा-बारा किलो रुई असते. दबून गाठी झालेली रुई पिंजून पुन्हा मऊ होते. खोळ एका कडेने वीतभर उसवा आणि मधून चिमूटभर रुई ओढा. तंतू लांब निघत असतील, ओढताना थोडा जोर लागत असेल, तर पिंजायला द्या. चिमटीतच तुकडे होऊन धूळ उडत असेल तर तिचं आयुष्य संपलं. ओल लागून बुरशीचा वास येणारी किंवा आजाऱ्याच्या अंथरुणात खराब झालेली रुई वेगळी काढा. चांगल्या रुईत ती मिसळली की पूर्ण गादीला वास लागतो.

गादीवाल्याकडे देण्यापूर्वी गादी दोन दिवस दोन्ही बाजूंनी कडक ऊन खाऊ द्या. मग त्याच्यासमोर रुईचं वजन करा आणि पिंजल्यावर पुन्हा करा. धूळ आणि तुटके तंतू निघून वजन थोडं घटतं, ते योग्यच. घट फार वाटली किंवा परत आलेल्या रुईत रंगीत धागे, सुताचे तुकडे दिसले, तर गिरणीचा टाकाऊ माल मिसळला आहे असं समजा. शक्य असेल तर पिंजताना तिथे उभं राहा. एका मोठ्या गादीतून एक पातळ गादी आणि दोन-तीन उशा करून घेणं सर्वात सोयीचं पडतं, कारण जाड कापसाची गादी पुन्हा लवकर दबते. जुनी खोळ धुऊन पुसायच्या फडक्यांना लागते.

स्प्रिंगची गादी उघडणं

सगळ्यात जास्त अडचण इथे येते, आणि सुटी केल्यावर सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो. लागणारं सामान: शिवण उसवण्याचा हुक किंवा ब्लेड कटर, तार कापण्याची पक्कड, साधी पक्कड, जाड हातमोजे, चष्मा, एन-95 मास्क आणि चार रिकामी पोती. मास्क टाळू नका. वर्षानुवर्षांची धूळ, त्वचेचा कोंडा आणि बुरशी उघडताच नाकात जाते. दम्याच्या माणसाने हे काम करू नये.

गादी गच्चीवर आडवी टाका. कडेने फिरणारी गोट पट्टी एका कोपऱ्यापासून कटरने उसवत चारही बाजूंनी जा. ब्लेड नेहमी स्वतःपासून दूर ओढा. वरचं कापड सुटलं की ते पातळ फोमच्या थराला शिवलेलं दिसेल. ते वेगळं होत नसेल तर झटू नका, ते एकत्रच एका पोत्यात जाऊ द्या. त्याखाली जाड फोमचा थर, त्याखाली राखाडी किंवा मातकट रंगाचा नमदा, चिंध्या दाबून केलेला. हा नमदा स्प्रिंगच्या चौकटीला सी आकाराच्या तारेच्या कड्यांनी अडकवलेला असतो. कडी ओढून काढायला जाल तर हात कापेल. तार कापण्याच्या पक्कडीने तोडा. एका बाजूचं संपलं की गादी उलटवा आणि तेच पुन्हा करा.

शेवटी फक्त लोखंडी जाळी उरते. स्प्रिंगा एकमेकींना लांब सर्पिल तारेने जोडलेल्या असतील तर ही साधी स्प्रिंगची गादी. दर चार-पाच ओळींनंतर ती सर्पिल तार कापा, पट्टे एकमेकांवर ठेवा, जुन्या फळीने दाबून तारेने बांधा. दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटून उसळते, म्हणून बांधायला दोघं हवेत आणि चेहरा वर वाकवून कोणी बसायचं नाही. मुलांना गच्चीवर येऊ देऊ नका.

प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत शिवलेली दिसली तर ती पॉकेट स्प्रिंग. तिथे थांबा. शेकडो पिशव्या फाडण्यात दिवस जातो आणि हाताला जखमा होतात. फोम आणि कापड काढून घ्या, बाकीच्या स्प्रिंगांची गुंडाळी करून कबाड्याला दाखवा. काही कबाडी कापडासकट घेतात, पण भाव कमी देतात, आणि तो मान्य करावा.

फोमच्या गादीत काम सोपं. खोळीची चेन उघडा, फोम बाहेर काढा, गोंदाने चिकटलेलं कापड कापून वेगळं करा. कोरडा, स्वच्छ, बिनकापडाचा फोम चुरा करून पुन्हा दाबून रिबॉन्डेड फोम बनवतात. तुमच्या सोफ्याच्या तळाशी असलेला रंगीबेरंगी ठिपक्यांचा कडक थर तोच. म्हणून फोमचे मोठे तुकडे ठेवा, बारीक चुरा करू नका, कारण मोठ्या तुकड्यावरून घेणाऱ्याला त्याचा दर्जा कळतो. भुकटी होणारा पिवळा फोम मात्र कोणी घेत नाही.

काथ्याच्या गादीबद्दल फार आशा देता येत नाही. नारळाच्या काथ्यावर रबराचं द्रावण फवारून ती केलेली असते, त्यामुळे ती खतात कुजत नाही आणि कबाड्यालाही नको असते. जिथे अजून घट्ट आहे तो भाग कापून फर्निचर हलवताना मध्ये घालायला, किंवा कुंड्यांखाली अंथरायला वापरा. बाकी शेवटच्या गाडीत.

सोफा आणि आलमारी सुटी करताना

सोफा उलटा करून सुरुवात करा. खालचं काळं कापड, मग रेक्झिन, मग फोम. हे सगळं स्टेपलरच्या पिनांनी ठोकलेलं असतं. पातळ पेचकस पिनेखाली घालून उचला आणि पक्कडीने ओढा. प्रत्येक पिन काढायचा हट्ट धरू नका, पण लाकूड सुताराला किंवा कोणाच्या वापरासाठी द्यायचं असेल तर पिना राहिल्या की त्याच्या रंध्याचं पातं जातं. एक जुना लोहचुंबक दोरीला बांधून जागेवर फिरवा; चुकून राहिलेल्या पिना पायात जाण्याऐवजी त्याला चिकटतात. लवचीक पट्ट्या किंवा वाकड्या स्प्रिंगा काढताना कोणतंही टोक झटक्यात सोडू नका. पक्कडीने धरून सावकाश सैल करा.

रिक्लायनर सोफा असेल तर मोटर, रिमोट आणि वायर आधी वेगळी करा. ती ई-कचऱ्यात जातात, लाकडाच्या गाडीत नाही. आणि हायड्रॉलिक पलंगाचे गॅसचे पंप, ज्यांच्यामुळे फळी आपोआप वर उचलली जाते, ते स्क्रू खोलून पूर्णच्या पूर्ण काढा. त्यात खूप दाबाने वायू भरलेला असतो. तो कापणं, भोक पाडणं, आगीत टाकणं जिवावर बेततं. कबाड्यालाही ते वेगळे हातात द्या आणि सांगा, "यात गॅस आहे, कापू नका."

आलमारीत सर्वांत आधी आरसा काढायचा. काचेवर उभी-आडवी-तिरकी चिकटपट्टी लावा, मग चौकट सोडवा, चादरीत गुंडाळून त्यावर "काच" लिहा. मग दारं, मग खण, मग फळ्या, शेवटी चौकट. अठरा मिलीमीटरच्या आठ बाय चार फुटांच्या एका प्लायवूड फळीचं वजनच पस्तीस किलोच्या आसपास भरतं. म्हणजे चार फुटी आलमारी एकसंध उतरवणं तिसऱ्या मजल्यावरच्या वळणाच्या जिन्यात कमरेचं काम काढतं. सुटी करून उतरवणं दोन माणसांना जमतं. कब्जे, हँडल, कुलपं एका डब्यात ठेवा. पितळी कब्जे लोखंडापेक्षा चांगल्या भावाने जातात. चांगल्या प्लायवूडच्या फळ्या सुतार घेतात, आणि जुनं सागवान घ्यायला लकडगंजच्या लाकूडबाजारात विचारून बघावं.

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, सनमायका लावलेली फळी जाळायची नाही. हिवाळ्यात शेकोटीलाही नाही. त्यांच्यातल्या गोंदात फॉर्माल्डिहाइड असतं आणि तो धूर पोरांच्या छातीत जातो. वॉचमन काका "लाकडं द्या, शेकायला होतील" म्हणाले तर साधं, बिनरंगाचं लाकूड द्या, फळ्या नको.

एक घर धरून हिशोब

त्रिमूर्तीनगरातला तिसऱ्या मजल्यावरचा, बिनलिफ्टचा फ्लॅट धरू. मालक मुलाकडे पुण्याला चालले आहेत. घरात एक साडेसहा बाय पाचची साधी स्प्रिंगची गादी, दोन कापसाच्या गाद्या, एक तीन आसनी सोफा, एक लोखंडी आलमारी आणि एक पार्टिकल बोर्डचं वॉर्डरोब आहे. टेम्पोवाल्याने सगळं "उचलून टाकायचे" पैसे सांगितले आहेत. टाकणार कुठे, हे त्याने सांगितलेलं नाही.

पहिल्या शनिवारी तपासणी. ढेकूण नाहीत. लोखंडी आलमारी चांगली आहे, तिचा फोटो मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकला. सोफ्याचा सांगाडा एका कोपऱ्यात सुटलेला, कुशन चांगली. वॉर्डरोबची खालची कड फुगलेली. कापसाच्या एका गादीतली रुई लांब निघते, दुसरीत धूळ.

आठवडाभरात आलमारी दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूने नेली. एक गादी पिंजायला गेली आणि उशा होऊन मुलाच्या घरच्या सामानात बांधली गेली. कुशन मावशींच्या दिवाणासाठी गेली. दुसऱ्या शनिवारी सकाळी दोघांनी गच्चीवर स्प्रिंगची गादी उघडली. तीस-पस्तीस किलोच्या अशा गादीतून दहा-बारा किलो लोखंड, चार-पाच किलो फोम आणि बाकीचा नमदा व कापड निघेल असं धरायला हरकत नाही. सोफ्याचं लाकूड सुटं झालं, पिना काढल्या, फोम त्याच पोत्यात गेला. वॉर्डरोबचे कब्जे, रॉड, आरसा वेगळे झाले.

आता काय उरलं? नमदा, धूळ झालेली रुई, रेक्झिन आणि पार्टिकल बोर्डच्या फळ्या. चार-पाच पोती आणि एक दोरीने बांधलेला गठ्ठा. आधी हेच सामान छोटा हत्ती दोनदा भरला असता. एकटी गादीच त्याची जवळजवळ पूर्ण जागा व्यापते. आता अर्धी फेरीही लागत नाही. लोखंडाचे पैसे मिळाले आणि भाडं घटलं.

उरलेल्यासाठी वेगळी गाडी

नागपूर महापालिकेचे दहा झोन आहेत. आपलं घर कोणत्या झोनमध्ये येतं ते मालमत्ता कराच्या पावतीवर बघा आणि त्या झोन कार्यालयाच्या आरोग्य विभागात स्वच्छता निरीक्षकाशी बोला. विचारायचं नेमकं असावं: "घरातलं मोडलेलं फर्निचर आहे, चार पोती आणि एक गठ्ठा, सुटं करून बांधलेलं आहे. गाडी कोणत्या दिवशी पाठवता येईल, शुल्क किती आणि पावती मिळेल का?" नुसतं "सोफा न्या" म्हटलं तर नाही हे उत्तर येण्याची शक्यता जास्त. पोती, वजन आणि माल सांगितला की निरीक्षकाला किती माणसं आणि कोणती गाडी लागेल ते ठरवता येतं. बांधकामाचा मलबा यात मिसळू नका. विटा, टाइल्स, सिमेंट यांची व्यवस्था वेगळी असते, आणि एक पोतं मलबा निघाला की पूर्ण गाडी परत जाऊ शकते.

एका घरासाठी गाडी मिळणं अवघड गेलं तर अपार्टमेंटच्या सोसायटीने मिळून तारीख ठरवावी: पावसाच्या आधी एक, दिवाळीच्या सफाईनंतर एक. दहा-वीस घरांचं सामान एकत्र आलं की कबाडी स्वतःहून काटा घेऊन येतो आणि फोम घेणाऱ्यालाही फेरी परवडते. पार्किंगमध्ये खडूने चार चौकोन आखा: लोखंड, फोम, लाकूड, बाकी. एक माणूस दिवसभर तिथे असावा, नाहीतर संध्याकाळपर्यंत चारही चौकोन एक होतात. सामान सकाळीच खाली आणायचं, आदल्या रात्री नाही, कारण रात्री आलेला पाऊस दिवसभराचं काम वाया घालवतो.

खासगी टेम्पो लावावाच लागला तर भाडं ठरवण्याआधी एकच प्रश्न विचारा: "भाऊ, माल कुठे खाली करणार?" उत्तर टाळलं किंवा "बाहेर कुठेतरी" असं आलं तर तो माल रिंग रोडच्या मोकळ्या प्लॉटवर किंवा नाल्याच्या काठी पडणार. रस्ता, मोकळी जागा, गटार, नाला यांत कचरा टाकणं, जाळणं, पुरणं याला 2016 च्या घनकचरा नियमांपासून स्पष्ट मनाई आहे, आणि महापालिकेचं उपद्रव शोध पथक अशा टाकणाऱ्यांना दंड करतं. नाल्यात अडकलेली एक गादी पहिल्या मोठ्या पावसात पुलाची मोरी बंद करायला पुरते. अर्धं भाडं निघताना द्या आणि अर्धं माल खाली केल्याचा फोटो किंवा कबाड्याच्या काट्याची चिठ्ठी दाखवल्यावर. गाडीचा नंबर फोनमध्ये टिपून ठेवा. प्रामाणिक टेम्पोवाल्याला याची अडचण वाटत नाही. ज्याला वाटते त्याला काम देऊ नका.

आणि कबाड्याला माल देताना त्याने चांगला भाग उचलून बाकीचा गेटबाहेर टाकून जाऊ नये यासाठी व्यवहार सुरू होण्याआधीच बोलून घ्या. लोखंड द्यायचं ते त्याच्याबरोबर कोणती पोती जातील हे ठरवूनच, आणि वजन करण्याआधी ती पोती त्याच्या ठेल्यावर चढलेली बघून.